एकाचा नऊ झाला तेव्हा

कडावच्या एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. गेल्या काही वर्षांत गृहपाठाच्या पानाचा फोटो काढून तो एआयच्या ॲपमध्ये टाकायचा आणि आलेलं उत्तर वहीत उतरवायचं ही गोष्ट आमच्या वर्गात आली आणि स्थिरावली. त्यातून मी जे शिकले ते इतर शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे. पहिला अनुभव सर्वांत लांब आहे, कारण बाकीचे त्यातूनच निघाले.

१. सारखं चुकलेलं उत्तर म्हणजे चोरी, असं धरून चालू नका.

महत्त्वमापनाचं प्रकरण चालू होतं. मी हाताने लिहून, झेरॉक्स काढून एक कागद वाटला होता. त्यातलं एक उदाहरण असं होतं: वृत्तचितीच्या आकाराच्या पाण्याच्या टाकीची त्रिज्या ०.७ मीटर आणि उंची १.५ मीटर आहे. टाकीत किती लिटर पाणी मावेल? घरातली पाच माणसं रोज माणशी ४० लिटर पाणी वापरत असतील, तर भरलेली टाकी किती दिवस पुरेल?

π ची किंमत २२/७ घेतली की घनफळ २.३१ घनमीटर येतं, म्हणजे २३१० लिटर. रोजचा वापर २०० लिटर, म्हणून पाणी अकरा दिवस पुरतं आणि बाराव्या दिवशी थोडं उरतं.

वह्या तपासायला घेतल्या आणि सात वह्यांत १४,६३० लिटर असं उत्तर सापडलं. सातही जणांचं तेच. मी उलट बाजूने गणित करून पाहिलं. त्रिज्या तीच ठेवून उंची १.५ ऐवजी ९.५ मीटर धरली, की बरोबर १४,६३० येतात. माझ्या कागदावरचा देवनागरी एक नऊ म्हणून वाचला गेला होता.

हे कसं घडलं असेल ते माझ्या लगेच लक्षात आलं. छापील पानाचा फोटो ही साधनं बहुतेक वेळा नीट वाचतात. हाताने लिहिलेला मजकूर, त्यातही देवनागरी अंक, पुसट झेरॉक्स, कागदाची घडी, फोटो काढणाऱ्याची पडलेली सावली, अशा ठिकाणी ती चुकतात. आणि अडलं की ‘हा आकडा मला वाचता आला नाही’ असं सहसा सांगत नाहीत. जो आकडा जास्त शक्य वाटला तो धरून पुढचं सगळं गणित स्वच्छ, पायरीपायरीने, न अडखळता मांडून देतात. साडेनऊ मीटर उंचीची टाकी म्हणजे तीन मजली घराएवढी होईल, पाच माणसांच्या घरात ती कुठली, असा विचार त्या उत्तरात कुठेही नव्हता.

मी सातही जणांना वर्गात उभं केलं. ‘फोटो कोणी काढला?’ असं सगळ्यांसमोर विचारलं. कोणी बोलेना. त्यात एक मुलगा होता, वाडीवरून चालत येणारा, कधीही आवाज न चढवणारा. तो खाली मान घालून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते अपराधाचं पाणी समजले. त्या दिवशी त्या सातही जणांच्या वह्यांवर मी लाल शाईने शेरा मारला.

संध्याकाळी घरी शांतपणे वह्या पुन्हा उघडल्या. सहा वह्यांत शेवटचं उत्तर ‘७३.१५ दिवस’ असं होतं. त्या मुलाच्या वहीत होतं, ‘७३ दिवस, ३० लिटर उरतं’. सहा जणांच्या पायऱ्या शब्दाला शब्द सारख्या होत्या. याच्या वहीत २२ गुणिले ०.४९ हा गुणाकार आधी, मग सातने भागाकार, आणि मागच्या पानावर पेन्सिलीने केलेला, दोनदा खोडलेला भागाकार. त्याने एकट्याने, स्वतःच्या डोक्याने, चुकीचा आकडा घेऊन बरोबर गणित सोडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, ‘बाई, तुमच्या कागदावर नऊच दिसतो.’ मी कागद पाहिला. माझ्या एकाची शेपटी झेरॉक्समध्ये पुसली गेली होती आणि खरोखरच नऊ दिसत होता. मी विचारलं, ‘एवढी उंच टाकी घरात असते का?’ तो म्हणाला, ‘मला वाटलं गावच्या नळाची असंल.’ घरात फोन आहे का, हे विचारायची गरज उरली नव्हती.

मी त्याची माफी मागितली, आणि आरोप सगळ्यांसमोर केला होता म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. तरी पुढचे दोन आठवडे त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही, हे मी विसरलेले नाही.

उत्तर सारखं चुकलं यावरून एवढंच कळतं, की आकडा एकाच रीतीने वाचला गेला. तो यंत्राने वाचला, मुलाने वाचला की शेजारच्या वहीतून आला, हे उत्तरावरून कळत नाही. ते पायऱ्यांवरून कळतं, मागच्या पानावरच्या खाडाखोडीवरून कळतं, आणि सर्वांत चांगलं मुलाशी बोलून कळतं.

२. ज्याने फोटो काढला, त्याला काय कळलं नव्हतं ते शोधा.

उरलेल्या सहा जणांपैकी एका मुलीने मधल्या सुट्टीत येऊन सांगितलं, की मामाच्या फोनवरून फोटो तिने टाकला आणि उत्तर मैत्रिणींच्या ग्रुपवर पाठवलं. बाकी पाच जणांनी फक्त ते उतरवलं होतं. म्हणजे एआय वापरणारी एक आणि जुन्या पद्धतीने कॉपी करणारे पाच. आपण या दोन गोष्टी एकत्र धरतो, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

त्या मुलीला मी विचारलं, ‘कुठे अडलं होतं?’ तिने लगेच सांगितलं, की घनफळ घनमीटरमध्ये आल्यावर त्याचे लिटर कसे करायचे ते माहीत नव्हतं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, हे मी फळ्यावर एका ओळीत लिहून पुढे गेले होते. ते डोळ्यांना दिसेल असं काही मी दाखवलं नव्हतं. पुढच्या तासाला आम्ही वर्तमानपत्रं आणि चिकटपट्टी घेऊन एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटरचा खोका कोपऱ्यात उभा केला. त्यात दहा दहा लिटरच्या शंभर बादल्या ओताव्या लागतील, हे मुलांनी स्वतः मोजून काढलं. ती पायरी मग वर्गात कोणाचीच चुकली नाही.

तिच्याजवळ एक खरी शंका होती आणि संध्याकाळी सात वाजता ती विचारायला माणूस नव्हता. तिने फोन विचारला. हे मी योग्य ठरवत नाही. पण शिक्षा करून मी गप्प बसले असते, तर ती शंका तशीच राहिली असती.

३. तपासताना भाषा पाहा, पण भाषेवरून निकाल देऊ नका.

मराठी माध्यमाच्या वहीत काही खुणा दिसतात. आपल्या पुस्तकात ‘घनफळ’ आहे, वहीत ‘आयतन’ येतं. ‘वृत्तचिती’च्या जागी ‘बेलन’, ‘काटकोन’च्या जागी ‘समकोण’. ही हिंदीची छाया आहे. या साधनांच्या मराठी उत्तरांत ती कधी कधी उतरते. भूमितीत आपण मुलांना ‘पक्ष, साध्य, रचना, सिद्धता’ अशी मांडणी शिकवतो. वहीत त्याऐवजी ‘दिलेले’ आणि ‘सिद्ध करायचे’ असं आलं, तर मी तिथे पेन्सिलीने छोटी खूण करते.

ती खूण म्हणजे ‘विचारायचं आहे’, एवढंच. हिंदी माध्यमातून आलेलं मूल ‘समकोण’ लिहील. यूट्यूबवर हिंदीतून शिकलेलं मूलही लिहील. शिवाय ही साधनं दर काही महिन्यांनी सुधारतात. चॅटजीपीटीमध्ये फोटो टाकण्याची सोय आली ती सप्टेंबर २०२३ पासून, आणि तेव्हाच्या व आताच्या वाचण्यात बराच फरक आहे. आज जी खूण सापडते ती पुढच्या वर्षी सापडणार नाही.

४. ओळखणाऱ्या यंत्रांवर विसंबू नका.

‘एआयने लिहिलं का’ हे सांगणारी संकेतस्थळं काही शिक्षक वापरतात. ओपनएआय कंपनीने स्वतः असं एक साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखत होतं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर खोटा ठपका ठेवत होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये कमी अचूकतेचं कारण देऊन त्यांनी ते बंद केलं. अशी इतर साधनंही चुकतात, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांच्या इंग्रजी लेखनावर जास्त संशय घेतात, असं अभ्यासकांना आढळलं आहे. आपल्याकडे तर प्रश्न त्याआधीचाच आहे. मूल फोनवरून वाचून निळ्या पेनाने वहीत उतरवतं. तपासायला टाइप केलेला मजकूरच नसतो.

प्रश्नपत्रिकेत पांढऱ्या अक्षरांत एखादं विचित्र वाक्य लपवायचं आणि उत्तरात ते आलं की मुलाला पकडायचं, असाही एक उपाय सुचवला जातो. तो मजकूर कॉपी-पेस्ट करणाऱ्यासाठी आहे. छापलेल्या कागदाच्या फोटोत पांढऱ्यावर पांढरं उमटतच नाही. आणि उमटलं असतं तरी मी ते केलं नसतं. माझ्या कागदावर मुलांना फसवण्यासाठी काही लिहिलेलं आहे, असं त्यांना एकदा वाटलं की मी दिलेल्या प्रत्येक उदाहरणाकडे ती त्याच नजरेने पाहतील.

५. दोन मिनिटं बोला. एकट्याशी, आणि त्याच्या भाषेत.

शंका आली की मी आता दोनच प्रश्न विचारते. पहिला: ‘ही पायरी का केलीस?’ वहीतल्या कुठल्या तरी मधल्या पायरीवर बोट ठेवून. दुसरा: एक गोष्ट बदलून. ‘उंची तीच ठेवली आणि त्रिज्या दुप्पट केली, तर पाणी किती पट मावेल?’ ज्याला समजलंय तो थोडा थांबून ‘चौपट’ म्हणतो, किंवा ‘दुप्पट’ म्हणून मग स्वतःच कागदावर करून बघतो. ज्याने नुसतं उतरवलंय तो वही उलटून उत्तर शोधायला लागतो. ‘दुप्पट’ हे चुकीचं उत्तर म्हणजे बेइमानी नाही. वही शोधणं हीदेखील फक्त खूणच आहे, पण ती पुढे काय करायचं ते सांगते: उदाहरण पुन्हा, माझ्यासमोर, वेगळ्या आकड्यांनी.

यात एक मोठी अडचण आहे. आमच्याकडे ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची मुलं आहेत. घरची बोली वेगळी, आणि शिक्षकासमोर बोलायची सवय नाही. त्यांचं गप्प बसणं म्हणजे न येणं, असं धरलं तर पहिल्या अनुभवातली चूक मी पुन्हा करेन. म्हणून अशा मुलांना मी कागद देते आणि आकृती काढायला सांगते. टाकीची आकृती काढून त्यावर त्रिज्या कुठली, उंची कुठली हे दाखवलं, आणि शेजारी दुप्पट त्रिज्येची टाकी काढली, की मला हवं ते कळतं. घरच्या बोलीत सांगितलं तरी चालतं. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी दर आठवड्याला असं बोलणं जमत नाही. मी दर आठवड्याला पाच-सहा जणांना बोलावते, आणि त्यात नेहमी शंका नसलेलीही दोन मुलं घेते. नाहीतर बोलावणं येणं म्हणजेच शिक्षा ठरते.

६. काय चालेल ते कागदावरच लिहा.

सुरुवातीला मी ‘मोबाइल वापरायचा नाही’ एवढंच सांगत होते. हा नियम कोणी पाळत नव्हतं आणि सगळे लपवत होते. आता प्रत्येक गृहपाठाच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ असते. सरावाच्या कागदावर: ‘अडल्यास फोनवर पायरी पाहिली तरी चालेल, मात्र खाली लिहा.’ अंतर्गत मूल्यमापनात धरल्या जाणाऱ्या कामावर: ‘हे पूर्णपणे स्वतःचं.’ दहावीला लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण असतात. त्या वीसांत जे जातं ते मी शक्यतो वर्गातच, माझ्यासमोर करून घेते. घरी केलेल्या कामावर ते गुण उभे केले, तर ज्याच्या घरी फोन आणि रेंज आहे त्याला ते आपोआप मिळतात.

‘खाली लिहा’ म्हणजे उदाहरणाच्या शेवटी एक ओळ: मदत कुठून घेतली. पहिले तीन आठवडे एकाही वहीत ती आली नाही. मग मी स्वतः फळ्यावर उदाहरण सोडवून त्याखाली लिहिलं, ‘ही रचना मला आठवत नव्हती, आमच्या शाळेतल्या जुन्या सरांना विचारली.’ त्या आठवड्यात चार वह्यांत ओळी आल्या. एकीत होतं, ‘भावाने सांगितलं.’ दुसरीत, ‘फोटो टाकला, तिसरी पायरी कळली नाही, तरी लिहिली.’ त्या मुलाचे गुण मी कापले नाहीत. तिसरी पायरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर घेतली. या ओळीबद्दल एकदा जरी गुण कापले, तर ती ओळ कायमची जाईल.

७. फोटोत दुसरं काय काय जातं, तेही सांगा.

हे मी बराच काळ ध्यानातच घेतलं नव्हतं. वहीच्या पानावर मुलाचं नाव, इयत्ता, शाळेचं नाव असतं. कधी शेजारच्या मुलीची वही असते आणि फोटो तिसऱ्याच्या फोनमधून जातो. आपल्या देशात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलं आहे. दहावीचा मुलगा पंधराचा. मी मुलांना एवढंच शिकवते: सरावासाठी फोटो काढायचाच असेल तर फक्त प्रश्नाचा काढा, नावाची पट्टी बोटाने झाका, आणि दुसऱ्याची वही कधीच टाकू नका. पालकसभेतही हेच सांगितलं, कारण फोन बहुतेक वेळा वडिलांचा किंवा मामाचा असतो.

८. फोटोत नसलेली गोष्ट विचारा.

टाकीच्या प्रकरणानंतर मी ते उदाहरण बदललं. आता मुलांना सांगते, घरात पाणी साठवायचा निळा प्लास्टिकचा ड्रम असेल तर तो मोजा. ड्रम नसेल तर हंडा किंवा पातेलं. सुतळी ड्रमभोवती मध्यावर गुंडाळा, गाठ मारा, सुतळी सरळ करून पट्टीने मोजा. तो परीघ. उंची पट्टीने. मग त्रिज्या काढा, घनफळ काढा, लिटर करा. सुतळी शाळेत आणायची.

एका मुलीचा परीघ १७६ सेंटिमीटर आला, उंची ८८. १७६ ला ४४/७ ने भागलं की त्रिज्या बरोबर २८. घनफळ २,१६,८३२ घनसेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ २१७ लिटर. तिने वहीत लिहिलं, ‘पण दुकानदार दोनशे लिटरचा म्हणतो.’ या एका वाक्यावर आमचा अख्खा तास गेला. कोणी म्हणालं, सुतळी बाहेरून गुंडाळली आणि पाणी आत असतं, म्हणून जाडी वजा हवी. कोणी म्हणालं, ड्रम मध्ये फुगलेला आहे आणि वर-खाली निमुळता. एकाने सांगितलं, की ड्रम काठोकाठ कोणी भरत नाही. तिघांचंही बरोबर होतं. एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या वाडीवर टँकर येतो, ती मुलं ड्रमाच्या काठाबद्दल अधिक खात्रीने बोलली.

यातही फोन वापरता येतो. आकडे टाकले की गुणाकार करून मिळेल, आणि मापं मनाने लिहिणारेही असतात. त्यासाठी सुतळी. वर्गात मी कोणतीही एक सुतळी उचलून पुन्हा मोजते, आणि वहीतल्या आकड्याशी एक-दोन सेंटिमीटरचा फरक चालतो. पाच सेंटिमीटरचा फरक आला तर पुन्हा दोन प्रश्न. दर वेळी एवढं करायला वेळ नसतो. मी सहामाहीत दोनदाच करते. बाकीचा सराव पुस्तकातलाच असतो, आणि त्यात कोणी ना कोणी फोटो टाकतंच. ते मी धरून चालते. म्हणून पुस्तकातल्या गृहपाठाला मी गुण देत नाही. तो फक्त बघते आणि सही करते.

९. कागद स्वच्छ लिहा.

माझ्या अक्षरातला एक आता उभा आणि लांब शेपटीचा असतो, आणि मापं मी अंकांत आणि शब्दांत अशी दोन्ही लिहिते: १.५ मीटर, दीड मीटर. झेरॉक्सला देण्याआधी कागद एका मुलाला वाचायला देते. हे काम तो वाडीवरचा मुलगा करतो. दोन आठवड्यांनी त्याने पहिल्यांदा हात वर केला तो याच कारणाने: नव्या कागदावरच्या तिसऱ्या उदाहरणातला माझा पाच चारासारखा दिसत होता.